घोळीचं बोत आणि मोरीचं काळीज

रोहू साफ करताना पोटातून एक पांढरा, चकचकीत, मधोमध आवळलेला फुगा निघतो. मुलांना तो फार आवडतो. बोटानं दाबला की फट् करून फुटतो. शास्त्राच्या पुस्तकात त्याला वाताशय म्हणतात. पालघर-सातपाटीकडचे कोळी घोळ माशाच्या पोटातल्या अशाच पिशवीला ‘बोत’ म्हणतात. वाळवलेलं बोत हाँगकाँगच्या बाजारात एवढ्या किमतीला जातं, की मोठे घोळ जाळ्यात आले की त्या होडीची बातमी होते. पण मला बोताच्या किमतीपेक्षा माशाच्या पोटातलं त्याचं काम जास्त मोलाचं वाटतं.

समजा, दहा किलोचा घोळ आहे आणि त्याच्या पोटात बोतच नाही. मांस, हाडं, खवले हे सगळं समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं. एक लिटर खारं पाणी साधारण 1.026 किलो भरतं, तर एक लिटर मासा 1.07 ते 1.08 किलो. फरक किरकोळ दिसतो, पण दहा किलोच्या माशाला तो पाण्यात सुमारे 450 ग्रॅमनं खाली ओढत राहतो. पोहणं थांबवलं की मासा तळाला. आता या माशाच्या पोटात 450 मिलिलिटर वायू भरा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीहून थोडा कमी. वायूला वजन जवळपास नाहीच, पण तो तेवढं पाणी बाजूला सारतो, आणि ओढ संपते. मासा आहे तिथे अधांतरी उभा राहतो. शरीराच्या जेमतेम पाच टक्के जागेत हे काम होतं.

गोम पुढे आहे. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. पृष्ठभागावर तो एक असतो, तीस मीटरवर चार. आपला घोळ तीस मीटरवर नेमका तोललेला आहे असं धरू. तो वीस मीटरवर चढला की दाब चाराचा तीन होतो आणि 450 मिलिलिटर वायू फुगून 600 होतो. आता मासा 150 ग्रॅमनं हलका झाला, म्हणून आणखी वर ढकलला जातो. जितका वर, तितका वायू फुगणार; जितका फुगणार, तितका मासा वर. खाली गेला तर याच्या उलट: वायू आकसतो, मासा जड होतो आणि आणखी बुडतो. म्हणजे हा तोल वाटीत ठेवलेल्या गोटीसारखा नाही, पालथ्या वाटीवर ठेवलेल्या गोटीसारखा आहे. माशाला तो सतत सावरावा लागतो. क्षणाक्षणाचं सावरणं परांनी होतं. खोलीच बदलायची असेल, तर पोटातला वायू कमीजास्त करावा लागतो.

रोहू, कटला यांची सोय सोपी आहे. त्यांच्या वाताशयातून एक नळी अन्ननलिकेत उघडते. वर येऊन हवा गिळली की भरणा झाला, आणि जादा झालेली हवा तोंडावाटे सोडता येते. तळ्यात हे पुरतं. समुद्रात पन्नास मीटर खाली मात्र वरून गिळलेल्या हवेचा सहावा हिस्साच आकार उरतो. एवढी हवा गिळून नेणार तरी किती? घोळीसारख्या माशांना ती नळीच नसते. त्यांचं वाताशय चहूबाजूंनी बंद असतं, आणि वायू रक्तातून आत सोडला जातो.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ही करामत खरोखर विलक्षण आहे. माशाच्या रक्तातला प्राणवायू कल्ल्यांमधून, साध्या पाण्यातून आलेला असतो. त्याचा स्वतःचा दाब एका वातावरणाच्या पाचव्या हिश्शाएवढाही नसतो. तो चार, दहा किंवा शंभर वातावरणं दाब असलेल्या पिशवीत शिरणार कसा? वाताशयाच्या भिंतीत एक वायुग्रंथी असते. ती तिथून जाणाऱ्या रक्तात आम्ल सोडते. आम्ल मिसळलं की माशाचं हिमोग्लोबिन धरून ठेवलेला प्राणवायू सोडून देतं. रक्तात मोकळा प्राणवायू वाढतो, पण तेवढ्यानं भागत नाही. म्हणून ग्रंथीच्या दारातच केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ईल माशात अशा वाहिन्या लाखांच्या घरात मोजल्या गेल्या आहेत. आत येणारं रक्त आणि बाहेर जाणारं रक्त इथे एकमेकांना चिकटून, उलट दिशांनी वाहतं. बाहेर निघालेल्या रक्तातला प्राणवायू दारातूनच आत येणाऱ्या रक्तात पाझरतो आणि पुन्हा ग्रंथीकडे परततो. फेरीमागून फेरी तो आतच साठत जातो, आणि शेवटी त्याचा दाब पिशवीतल्या दाबाहून वर चढतो. खोल पाण्यातल्या माशांच्या वाताशयात म्हणूनच हवा नसते, बहुतांशी प्राणवायू असतो.

वायू काढायचा असेल तर वाताशयाच्या दुसऱ्या भागातली झडपेसारखी जागा उघडते आणि तो रक्तात विरून जातो. पण भरणं असो की काढणं, दोन्हींना वेळ लागतो. भरायला तर तासन्‌तास. म्हणून बंद वाताशयाचा मासा भराभर वर येऊ शकत नाही. तीस मीटरवरचा आपला घोळ जाळ्यातून झटकन ओढला तर 450 मिलिलिटरचे 1800 होतात. खोलवरून गळाला लागलेल्या माशाचं पोट तोंडातून बाहेर आलेलं, डोळे बटबटीत झालेले दिसतात, ते यामुळेच. असा मासा परत पाण्यात सोडला तरी पोट वर करून तरंगत राहतो आणि बहुधा मरतो.

आता मोरी, म्हणजे शार्क. तिचं पोट फाडलं तर फुगा सापडत नाही, पण आत मोठं काळीज दिसतं. आतल्या अवयवांमध्ये सगळ्यांत जास्त जागा तेच अडवतं, आणि ते तेलानं भरलेलं असतं. फुफ्फुस आणि वाताशय या दोन्हींचं मूळ असलेली हवेची पिशवी हाडांच्या माशांच्या पूर्वजांत आली. शार्कचं घराणं त्याआधीच वेगळं झालं होतं. त्यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो, म्हणून मुळात ओझं कमी. उरलेलं काम तेल करतं. खोल समुद्रातल्या शार्कच्या काळजात स्क्वालीन नावाचं तेल भरपूर असतं, लिटरला फक्त 0.86 किलो. तरी तेल म्हणजे वायू नव्हे. लिटरभर वायू एक किलोची ओढ फेडतो, तर लिटरभर स्क्वालीन जेमतेम 166 ग्रॅमची. आपल्या घोळीचे 450 ग्रॅम तेलानं फेडायचे झाले तर पावणेतीन लिटर तेल लागेल, म्हणजे शरीराच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. खोल पाण्यातल्या काही शार्कमध्ये काळीज खरोखर एवढं, कधी त्याहून मोठं भरतं.

एवढं ओझं वागवून मिळतं ते हे, की तेल दाबानं जवळपास आकसत नाही. शेकडो मीटर खाली जाऊन तासाभरात वर आलं तरी तोल फारसा बिघडत नाही आणि पोट फुटण्याची भीती नसते. उथळ पाण्यातल्या शार्क मात्र एवढं तेल साठवत नाहीत. त्या पाण्यापेक्षा किंचित जडच राहतात. पुढचे रुंद पर विमानाच्या पंखांसारखे उचल देतात, पण पुढे जात राहिलं तरच. थांबल्या की त्या हळूहळू बुडतात. आपली सुरमईही वाताशयाशिवायच जगते, आणि तीही अखंड पोहणारी.

यात एक अपवाद मला फार लोभस वाटतो. सँड टायगर नावाची, दात विचकल्यासारखी दिसणारी शार्क मत्स्यालयांत हमखास असते. तिला पाण्यात जवळजवळ निश्चल तरंगताना पाहून लोक चकित होतात. तीही मुळात पाण्याहून जड. पण ती पृष्ठभागावर येते, तोंड बाहेर काढून हवा गिळते, ती जठरात धरून ठेवते आणि मग खाली जाऊन स्थिर राहते. हवा जास्त झाली की मागच्या दारानं सोडून देते.