मशीनवर दिलेली टिप कुणाची?

बिल २,१०० रुपयांचे होते. जेवण आवडले, वेटरने आपुलकीने वाढले, म्हणून आपण कार्ड पुढे करत म्हणतो, "तेवीसशे मारा." मशीनमधून पावती निघते आणि वेटरला दोनशे रुपये दिले, या समाधानात आपण उठतो. प्रत्यक्षात त्याच्या हातात अजून काहीच पडलेले नसते. पूर्ण २,३०० रुपये रेस्टॉरंटच्या मालकाच्या बँक खात्याकडे निघालेले असतात.

रोख टिप देताना हा प्रश्न येत नव्हता. नोट टेबलावरून वेटरच्या खिशात किंवा काउंटरवरच्या टिपच्या डब्यात जायची. मालकाच्या हिशेबाशी तिचा संबंध नसायचा. कार्ड आल्यापासून टिप मालकाच्या खात्यातून फिरून कर्मचाऱ्यापर्यंत जाते. मधल्या काळात ती मालकाकडे असते, पण मालकाची नसते. हे सिद्ध करणारी जागा एकच: हिशेबाच्या वहीतले देण्याचे खाते. त्याला 'कर्मचारी टिप देणे' म्हणू. हे खाते नीट ठेवले तर वेटरचा पैसा सुरक्षित राहतो. ते नसेल तर मालक कितीही सज्जन असला तरी तो पैसा विक्रीत मिसळून दिसेनासा होतो.

एका बिलाच्या नोंदी

वरचेच बिल घेऊ. जेवणाची किंमत २,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १०० (निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा) आणि टिप २००. कार्डावर गेले २,३००. हे पैसे बँकेत यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून त्या रात्री नोंद अशी होते:

कार्ड येणे – नावे २,३००
जेवणाची विक्री – जमा २,०००
जीएसटी देणे – जमा १००
कर्मचारी टिप देणे – जमा २००

रेस्टॉरंटचे उत्पन्न फक्त पहिल्या जमेइतके, २,००० रुपये आहे. उरलेल्या दोन्ही रकमा दुसऱ्यांच्या आहेत, एक सरकारची आणि एक कर्मचाऱ्यांची. जीएसटी आपला नाही हे प्रत्येक मालकाला पाठ असते, कारण तो भरला नाही तर नोटीस येते. टिपसाठी नोटीस पाठवणारे कुणी नसते, म्हणून तिची नोंद जास्त जपून करावी लागते. ग्राहकाने आपल्या खुशीने दिलेली टिप ही जेवणाची किंमत नसल्याने तिच्यावर जीएसटीही लावला जात नाही. मात्र ती बिलापेक्षा वेगळी दिसली पाहिजे आणि पूर्णपणे कर्मचाऱ्यांकडे गेली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बँक आपले शुल्क कापून पैसे जमा करते. क्रेडिट कार्डावर हे शुल्क दीड टक्का धरू. २,३०० वर ३४.५० रुपये आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी ६.२१, म्हणजे एकूण ४०.७१. पाच टक्के जीएसटी आकारणाऱ्या रेस्टॉरंटला या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे हा सगळाच खर्च असतो.

बँक – नावे २,२५९.२९
बँक शुल्क – नावे ४०.७१
कार्ड येणे – जमा २,३००

बँकेने पैसे कापले तरी कर्मचाऱ्यांचे देणे २०० रुपयेच राहते, कारण ग्राहकाने २०० दिले होते. या दोनशेवरच्या शुल्काचा वाटा ३ रुपये ५४ पैसे येतो. तो मालकाने सोसणे सगळ्यात स्वच्छ. कर्मचाऱ्यांकडून घ्यायचाच असेल तर तसा नियम त्यांना आधी सांगून, 'टिप देणे' नावे आणि 'बँक शुल्क' जमा अशी उघड नोंद करून घ्यावा. 'कार्डाचे चार्जेस असतात' असे तोंडी सांगून दहा-वीस टक्के कापणे हा खर्च नसून कर्मचाऱ्याच्या पैशावर मारलेला हात आहे. शुल्क किती कापले गेले हे बँकेच्या विवरणात पैशापर्यंत लिहिलेले असते. रुपे डेबिट कार्डावर आणि बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला असे शुल्कच नाही.

वाटप: खाते शून्यावर आणणे

वाटपाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत वेटरला रात्री गल्ल्यातून त्या दिवसाची कार्डावरची टिप रोख दिली जाते. अशा वेळी 'टिप देणे' नावे, 'रोकड' जमा ही नोंद आणि वेटरची सही असलेले व्हाउचर त्याच रात्री व्हायला हवे. ते राहिले की रोजमेळात गल्ला कमी भरतो आणि चोरी न करता कॅशियरवर संशय येतो.

दुसरी पद्धत महिन्याच्या शेवटी गुणांनुसार वाटायची. समजा, महिनाभरात खात्यात ३६,००० रुपये जमले. दोन कॅप्टनना प्रत्येकी ३ गुण, पाच वेटरना प्रत्येकी २ आणि स्वयंपाकघर व भांडी सांभाळणाऱ्या आठ जणांना प्रत्येकी १. एकूण गुण २४, म्हणून एका गुणाचे १,५०० रुपये. कॅप्टनला ४,५००, वेटरला ३,००० आणि आतल्या माणसाला १,५०० मिळतात. एखादा वेटर अर्धाच महिना कामावर असेल तर त्याचा एक गुण धरून पुन्हा भागाकार करायचा. त्याचे राहिलेले पैसे मालकाकडे न उरता इतरांत वाटले जातात. वाटपानंतर 'टिप देणे' नावे ३६,०००, 'बँक' जमा ३६,००० अशी नोंद होते आणि खाते शून्यावर येते.

वाटप पुढच्या महिन्यात होणार असेल तर ३१ मार्चला या खात्यात शिल्लक राहते. ती ताळेबंदात चालू देण्यांमध्येच दिसली पाहिजे. वर्षअखेरीला ती 'इतर उत्पन्न' म्हणून नफ्यात ओढली गेली, तर कर्मचाऱ्यांचा पैसा एका नोंदीत मालकाचा झाला असे समजावे.

सर्व्हिस चार्जचे वेगळेपण

आता तेच दोनशे रुपये १० टक्के सर्व्हिस चार्ज म्हणून बिलात आले असे धरू. २,००० अधिक २०० मिळून २,२०० होतात आणि ५ टक्के जीएसटी या सगळ्यावर लागतो, म्हणजे ११०. बिल २,३१० रुपयांचे. ग्राहकाने दहा रुपये जास्त दिले आणि ते कर्मचाऱ्यांकडे न जाता करात गेले. रेस्टॉरंटने स्वतः ठरवून आकारलेली रक्कम विक्रीच्या किमतीत धरली जाते, म्हणून हा फरक पडतो.

नोंदही मग मालकाच्या भूमिकेवर ठरते. ही रक्कम पूर्णपणे कर्मचाऱ्यांना देण्याचे बंधन त्याने स्वीकारले असेल, तर तेवढी रक्कम देण्याच्या खात्यात जायला हवी. त्यातला काही भाग फुटलेल्या काचसामानासाठी ठेवायचा असेल, तर तो भाग सरळ उत्पन्न आहे आणि त्याला कर्मचाऱ्यांचे नाव देऊ नये. ग्राहकाने आक्षेप घेतल्यावर चार्ज काढला, तर बिल बदलून देण्याच्या खात्यातली नोंदही त्याच दिवशी उलटवावी. नाहीतर न आलेले पैसे वाटायची वेळ येते.

कायद्याची बाजूही इथे महत्त्वाची आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये आणि तो देणे ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावे, असे त्यात म्हटले आहे. रेस्टॉरंट संघटनांनी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी सूचना वैध ठरवल्या. त्यावर अपील झाले आहे. स्वखुशीने टिप देण्यावर मात्र कोणतीही बंदी नाही. त्यामुळे ऐच्छिक, वेगळी दाखवलेली आणि देण्याच्या खात्यात गेलेली टिप हाच सर्वांसाठी सरळ मार्ग आहे.

हा पगार आहे का?

मालकामार्फत मिळालेली टिप पगारात धरून त्यावर टीडीएस कापावा की नाही, हा वाद आयटीसी कंपनीच्या हॉटेलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने अशी टिप पगारच मानली होती. २६ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मत फिरवले. टिप ग्राहकाकडून येते आणि मालक ती कर्मचाऱ्यांच्या वतीने केवळ विश्वस्त म्हणून सांभाळतो. म्हणून ती पगार नाही आणि मालकाने तिच्यावर पगाराचा टीडीएस कापायचा नाही. कर्मचाऱ्याच्या हातात मात्र ते 'इतर स्रोतांतून मिळालेले उत्पन्न' ठरते.

या निकालाचा हिशेबाशी थेट संबंध आहे. टिप आधी विक्रीत आणि मग पगार खर्चात दाखवणारा मालक, ती आपलीच होती आणि आपण तिच्यातून पगार दिला, असे स्वतःच्या वहीत लिहून देतो. मग विश्वस्त असल्याचा दावा करायला आधार उरत नाही. याच कारणाने टिप वाटून किमान वेतनाची रक्कम भरून काढणे चुकीचे आहे. वेतन मालकाने स्वतःच्या पैशातून द्यायचे असते.

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने मालकाच्या हाती येणारी टिप, कर वगळता काहीही न कापता, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कर्मचाऱ्यांना देणे बंधनकारक केले आहे. कार्डाचे शुल्कही त्यातून कापता येत नाही. आपल्याकडे टिपच्या वाटपासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे वहीतली नोंद हाच कर्मचाऱ्याचा मुख्य पुरावा ठरतो.

चूक कशी ओळखायची

रोज रात्री दोन आकडे शेजारी ठेवावेत. एक, कार्ड मशीनने दिवसअखेर दिलेली एकूण रक्कम. दुसरा, कार्डाने भरलेल्या बिलांची बेरीज. समजा मशीन ४८,६५० दाखवते आणि बिले ४७,२५० ची आहेत. फरक १,४०० रुपयांचा आहे, आणि त्या दिवशीच्या टिपच्या यादीची बेरीजही नेमकी तेवढीच यायला हवी. यादी १,१०० चीच असेल, तर ३०० रुपयांची टिप कुणीतरी लिहायची राहिली आहे किंवा एखाद्या बिलावर चुकून जास्त रक्कम मारली गेली आहे. त्याच रात्री पावत्या पाहिल्या तर ते सापडते. महिन्याने तो फरक 'किरकोळ जमा'मध्ये ढकलला जातो आणि कर्मचाऱ्यांचे तीनशे रुपये कायमचे जातात.

दुसरी तपासणी महिन्याची. सुरुवातीची शिल्लक, अधिक महिन्यात जमलेली टिप, वजा वाटलेली टिप, म्हणजे शेवटची शिल्लक. ही चार आकड्यांची ओळ प्रत्येक कर्मचाऱ्याला दिसेल अशी स्वयंपाकघराच्या दाराशी लावावी, गुणांच्या तक्त्यासह. ज्याला ती लावायला अडचण वाटते, त्याच्या वहीत काहीतरी दडलेले असण्याची शक्यता मोठी.

ग्राहक म्हणून आपणही दोन गोष्टी करू शकतो. कार्ड देण्याआधी टिप बिलावर वेगळी लिहायला सांगायची आणि ती कुणाला, कधी मिळते हे विचारायचे. न विचारता लावलेला सर्व्हिस चार्ज काढून मागायचा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ज्या रेस्टॉरंटमध्ये टिपचे उत्तर लगेच आणि स्पष्ट मिळते, तिथे निर्धास्तपणे कार्डावर द्यावी. जिथे उत्तर टाळले जाते, तिथे ती रोख, थेट वाढणाऱ्याच्या हातात द्यावी.