पैसे घ्यायला पिन कशाला?

2021 साली दिल्लीतल्या एका बड्या राजकीय घरातल्या तरुणीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. गिऱ्हाइकाने ‘खातं बरोबर आहे का बघतो’ म्हणत आधी किरकोळ रक्कम पाठवली. ती जमा झाली, विश्वास बसला. मग त्याने क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला सांगितलं. दोन खेपांत तिचेच 34 हजार रुपये गेले.

कलेक्ट रिक्वेस्टची युक्तीही हीच. ती म्हणजे समोरच्याने आपल्याकडे केलेली पैशांची मागणी. शेऱ्यात तो ‘सोफ्याचे पैसे’ असं काहीही लिहू शकतो. शेरा वाचून फसायचं नाही, बटण बघायचं: तिथे ‘Pay’ असेल आणि पुढे पिन मागितला, तर पैसे आपल्या खात्यातून जाणार.

1 ऑक्टोबर 2025पासून व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा रिक्वेस्ट बंद झाल्या. पण दुकानदारांच्या तेव्हा चालू राहिल्या आणि क्यूआर कोडही आहेतच.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. जमा झाल्याची खात्री बँकेच्या खात्यातच करावी. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करावा.