राजम्यातील फायटोहिमॅग्लुटिनिन

फायटोहिमॅग्लुटिनिन हे राजम्याच्या कच्च्या दाण्यांत असणारे एक विषारी प्रथिन आहे. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यास या प्रथिनामुळे एक ते तीन तासांत तीव्र मळमळ, उलट्या व जुलाब होतात. राजमा पुरेसा वेळ भिजवून, ते पाणी टाकून देऊन, नव्या पाण्यात खळखळून उकळल्यास हे प्रथिन निष्क्रिय होते आणि दाणे खाण्यास सुरक्षित ठरतात. दाणा मऊ होणे म्हणजे तो निर्विष होणे नव्हे. कमी तापमानावर दीर्घकाळ ठेवलेला राजमा पूर्ण मऊ होऊनही विषारी राहू शकतो.

## राजमा व घेवडा

राजमा ही मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस असे आहे. महाराष्ट्रात भाजीसाठी वापरल्या जाणाऱ्या श्रावण घेवड्याच्या कोवळ्या शेंगा याच वनस्पतीच्या असतात. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव परिसरात पिकणारा, अंगावर पट्टे असलेला वाघ्या घेवडा हाही राजम्याचाच एक वाण आहे. त्यामुळे राजम्याविषयी पाळावयाची काळजी घेवड्याच्या वाळलेल्या दाण्यांनाही लागू पडते.

फायटोहिमॅग्लुटिनिन या वनस्पतीच्या अनेक वाणांत आढळते, मात्र त्याचे प्रमाण सर्वांत सारखे नसते. लाल राजम्यात ते सर्वाधिक असते. पांढऱ्या राजम्यात ते लाल राजम्याच्या सुमारे एक तृतीयांश असते.

## स्वरूप व नाव

फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन या गटातील प्रथिन आहे. विशिष्ट शर्करांना ओळखून त्यांना घट्ट चिकटणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. प्राण्यांच्या पेशींच्या बाह्य आवरणावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात व लेक्टिन त्यांनाच पकडते. फायटोहिमॅग्लुटिनिनचा रेणू चार उपघटकांचा बनलेला असतो. त्यामुळे तो एकाच वेळी एकाहून अधिक पेशींना धरून त्यांना एकमेकींशी जोडू शकतो. तांबड्या रक्तपेशींच्या द्रावणात हे प्रथिन मिसळले असता पेशींच्या गुठळ्या होतात. ‘फायटो’ म्हणजे वनस्पतिजन्य आणि ‘हिमॅग्लुटिनिन’ म्हणजे रक्तपेशींना एकत्र चिकटवणारे, असा या नावाचा अर्थ आहे.

दाण्याच्या डाळिंब्यांत हे प्रथिन इतर साठवणीच्या प्रथिनांसोबत साठलेले असते. दाणे खाणाऱ्या कीटकांपासून व प्राण्यांपासून बीजाचे रक्षण करण्यास त्याचा उपयोग होतो, असे मानले जाते.

या प्रथिनाचा प्रयोगशाळेत उपयोगही होतो. ते पांढऱ्या रक्तपेशींपैकी लसीका पेशींना विभाजनास प्रवृत्त करते, हे अमेरिकी संशोधक पीटर नॉवेल यांनी १९६० साली दाखवून दिले. विभाजित होणाऱ्या पेशींतच गुणसूत्रे स्पष्ट दिसत असल्याने रक्ताच्या नमुन्यावरून गुणसूत्रांची तपासणी करण्यासाठी ते वापरले जाऊ लागले.

## शरीरावरील परिणाम

आहारातील बहुतेक प्रथिनांचे पोटात व आतड्यात पाचक रसांमुळे विघटन होते. फायटोहिमॅग्लुटिनिन मात्र या रसांना बऱ्याच अंशी दाद देत नाही आणि सक्रिय अवस्थेतच लहान आतड्यापर्यंत पोहोचते. तेथे ते आतड्याच्या अस्तरातील पेशींना चिकटते. अन्नरस शोषून घेणाऱ्या या पेशींच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म केसरांची रचना त्यामुळे बिघडते व शोषणाच्या कार्यात अडथळा येतो.

केवळ चार-पाच कच्चे दाणे खाल्ल्यानेही लक्षणे दिसू शकतात. प्रथम तीव्र मळमळ होते आणि पाठोपाठ जोराच्या उलट्या सुरू होतात. काही वेळाने जुलाब होतात व काहींच्या पोटात कळा येतात. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः तीन ते चार तासांत ती आपोआप ओसरतात. या विषावर उतारा नाही. शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हाच उपचार असतो. उलट्या न थांबल्यास शिरेवाटे द्रव द्यावे लागतात.

जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या काही अन्नविषबाधाही इतक्याच लवकर सुरू होत असल्याने केवळ लक्षणांवरून निदान करणे कठीण असते. रुग्णाने गेल्या काही तासांत कच्चा, भिजवलेला किंवा मंद आचेवर शिजवलेला राजमा खाल्ला होता का, ही माहिती निर्णायक ठरते. उरलेले अन्न उपलब्ध असल्यास त्यातील लेक्टिन मोजता येते.

## विषारीपणाचे मापन

मापनासाठी दाण्यांचा अर्क काढून तो टप्प्याटप्प्याने अधिकाधिक पातळ केला जातो. प्रत्येक टप्प्यावर त्यात तांबड्या रक्तपेशी मिसळून गुठळ्या होतात का, हे पाहिले जाते. अर्क जितका पातळ करूनही गुठळ्या होत राहतात, तितके लेक्टिन अधिक. यावरून मिळणाऱ्या मापास हिमॅग्लुटिनेटिंग एकक म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या माहितीनुसार कच्च्या लाल राजम्यात हे माप २०,००० ते ७०,००० एकक असते, तर पूर्ण शिजवलेल्या राजम्यात ते २०० ते ४०० एककांपर्यंत उतरते.

## भिजवण्याचे कार्य

भिजवल्याने फायटोहिमॅग्लुटिनिन नष्ट होत नाही. त्याचा काही अंश पाण्यात उतरतो आणि म्हणूनच भिजवलेले पाणी टाकून देणे आवश्यक असते. या पाण्यासोबत पोटात वायू निर्माण करणाऱ्या काही शर्कराही निघून जातात.

भिजवण्याचा मुख्य उपयोग पुढील टप्प्यासाठी होतो. वाळलेला दाणा कठीण असतो व त्यात पाणी फार थोडे असते. ओलावा नसलेल्या प्रथिनावर उष्णतेचा परिणाम सावकाश होतो. पाच तासांहून अधिक काळ भिजलेल्या दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचलेले असते. असा दाणा उकळला म्हणजे आतील प्रथिनालाही ओली उष्णता मिळते. न भिजवता उकळत्या पाण्यात टाकलेल्या दाण्याचा बाहेरील भाग शिजू लागला तरी मधला भाग बराच वेळ कोरडा राहतो.

मोड आणण्याच्या बाबतीतही हेच ध्यानात घ्यावे लागते. मोड आलेले मूग किंवा मटकी महाराष्ट्रात कच्ची खाण्याची पद्धत आहे. राजम्याला मोड आणल्याने त्यातील लेक्टिन पुरेसे नाहीसे होत नाही. म्हणून मोड आलेला राजमाही उकळूनच खावा लागतो.

## उकळण्याचे कार्य

प्रथिनाचा रेणू विशिष्ट आकारात दुमडलेला असतो. शर्करेला पकडण्याची त्याची क्षमता या आकारावर अवलंबून असते. पुरेशा उष्णतेने घडी उलगडते, आकार मोडतो आणि लेक्टिन पेशींना चिकटू शकत नाही. अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने घट्ट होतो, तोही प्रथिनांच्या अशाच बदलामुळे. थंड झाल्यावर बलक जसा पुन्हा पातळ होत नाही, तसेच उकळलेल्या राजम्यातील लेक्टिनही पुन्हा सक्रिय होत नाही.

फायटोहिमॅग्लुटिनिनची रचना मात्र बळकट असल्याने तापमान निर्णायक ठरते. नीट भिजलेले दाणे १०० अंश सेल्सियसला १० मिनिटे उकळल्यास लेक्टिन निष्क्रिय होते, असे प्रयोगांत आढळले आहे. सर्व दाण्यांना पूर्ण उष्णता मिळावी म्हणून अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन ३० मिनिटे उकळण्याची शिफारस करते. याउलट ८० अंशांच्या आसपास तापवलेल्या दाण्यांची विषारी क्रियाशीलता काही प्रयोगांत कच्च्या दाण्यांच्या पाच पटींपर्यंत वाढलेली आढळली. त्यामुळे अपुरे तापवलेले दाणे कच्च्या दाण्यांपेक्षाही घातक ठरू शकतात.

## सुरक्षित पद्धत

एक वाटी राजमा निवडून, धुऊन, चार ते पाच वाट्या पाण्यात रात्रभर भिजत घालतात. सकाळपर्यंत दाणे सुमारे दुप्पट फुगतात. नीट भिजलेला दाणा मधोमध कापला असता त्याचा रंग आतपर्यंत एकसारखा दिसतो, तर कमी भिजलेल्या दाण्याच्या मध्यभागी पांढुरका, कोरडा भाग राहतो. भिजवलेले पाणी टाकून दाणे पुन्हा धुतात व ते पूर्ण बुडतील इतक्या नव्या पाण्यात मोठ्या आचेवर ठेवतात.

वेळ मोजण्यास सुरुवात भांडे आचेवर ठेवल्यापासून न करता पाणी खळखळून उकळू लागल्यापासून करावी लागते. तेथून ३० मिनिटे उकळी न मोडता ठेवल्यावर आच मंद करून दाणा बोटांनी सहज चेपला जाईपर्यंत तो शिजवतात. केवळ १० मिनिटे उकळलेल्या दाण्यातील लेक्टिन निष्क्रिय झालेले असले तरी तो बहुधा कठीणच असतो. पुढील शिजवणे मऊपणासाठी व पचनासाठी असते.

प्रेशर कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे तापमान सुमारे ११५ ते १२० अंशांपर्यंत जाते. त्यामुळे भिजवलेला राजमा मऊ होईपर्यंत कुकरमध्ये शिजवल्यास लेक्टिनही नष्ट होते. समुद्रसपाटीपासून उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे ते ९० अंशांच्याही खाली उकळते. अशा ठिकाणी उघड्या भांड्यातील उकळीवर विसंबता येत नाही व कुकर आवश्यक ठरतो. डबाबंद राजमा डब्यातच उच्च तापमानाला शिजवलेला असल्याने सुरक्षित असतो.

## विषबाधेच्या घटना

ब्रिटनमध्ये १९७६ ते १९७९ या काळात राजम्यामुळे झालेल्या विषबाधेच्या सात घटनांचा वृत्तांत १९८० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या घटनेत सुट्टीवर गेलेल्या शाळकरी मुलांनी रात्रभर केवळ भिजवलेले दाणे न शिजवता खाल्ले होते. पुढील काळात मंद आचेवर अन्न शिजवणारी विजेची भांडी, म्हणजे स्लो कुकर, या विषबाधेचे एक कारण म्हणून पुढे आली. अशा भांड्यात अनेक तास ठेवूनही दाण्यांचे तापमान ७५ अंशांच्या आसपासच राहू शकते. दीर्घकाळ पाण्यात राहिल्याने दाणे मऊ होतात आणि ते शिजले आहेत असा समज होतो. म्हणून स्लो कुकरमध्ये घालण्यापूर्वी राजमा वेगळ्या भांड्यात उकळून घेणे आवश्यक असते.

जपानमध्ये मे २००६ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वजन घटवण्याचा उपाय म्हणून पांढऱ्या घेवड्याचे दाणे सुमारे तीन मिनिटे भाजून, त्यांची पूड करून भातावर घेण्यास सुचवण्यात आले. त्यानंतर शेकडो प्रेक्षकांना उलट्या व जुलाबांचा त्रास झाला आणि काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. भाजलेल्या दाण्याचा खमंग वास व बदललेला रंग केवळ पृष्ठभाग तापल्याचे दर्शवतो. ओलाव्याअभावी आतील लेक्टिन बऱ्याच अंशी सक्रिय राहते. याच कारणामुळे कच्च्या राजम्याचे पीठ करून ते अल्पकाळ भाजणेही सुरक्षित मानले जात नाही.