लॉकर सोडताना हातात काय हवं?

लॉकरचं भाडं तीन-चार वर्षं थकतं ते बहुतेक वेळा कुणी मुद्दाम बुडवल्यामुळे नव्हे. भाडं ज्या बचत खात्यातून परस्पर कापलं जात होतं ते खातं बंद पडतं आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

एक उदाहरण घेऊ. लॉकर पती-पत्नी दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणीही उघडू शकेल अशा अटीवर. भाडं पतीच्या खात्यातून जायचं. ते वारले, वारसाची कागदपत्रं होऊन खातं बंद झालं आणि भाड्याची कपात तिथेच थांबली. त्याच शाखेत पत्नीचं खातं होतं, पैसेही होते, पण तिला कुणी कळवलं नाही. तिसऱ्या वर्षी ती लॉकर सोडायला गेली तेव्हा समोर हिशेब आला: वर्षाला 2,000 प्रमाणे तीन वर्षांचे 6,000, उशिराचा दंड 1,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,350. एकूण 8,850 रुपये.

इथे माणसं सरसकट ‘सगळं माफ करा’ असा अर्ज देतात आणि तो फेटाळला जातो. लॉकर तुमच्याच ताब्यात होता, त्यामुळे मूळ भाडं सोडायला बँक सहसा तयार होत नाही. माफी हा हक्क नाही, बँकेच्या मर्जीचा भाग आहे. दंडाचं मात्र वेगळं आहे. तो कमी करण्याचे अधिकार अनेकदा शाखाधिकाऱ्याकडे किंवा विभागीय कार्यालयाकडे असतात, आणि ते वापरायला त्यांना कागदावर कारण लागतं. म्हणून अर्जात रकमेचे तुकडे पाडावेत.

या बाईंच्या अर्जात तीन गोष्टी हव्यात. पहिली, दंड आणि त्यावरचा जीएसटी मिळून 1,770 रुपये माफ करावेत, कारण मृत्यूची नोंद बँकेकडे होती, दुसऱ्या धारकाचं खातं त्याच शाखेत होतं, तरी नोटीस आली नाही. बँकेने ती पाठवली असेल तर तिची प्रत मागावी. दुसरी, चालू वर्षाचं भाडं लॉकर सोडण्याच्या तारखेपर्यंतच घ्यावं. आगाऊ घेतलेल्या भाड्यातला उरलेल्या काळाचा हिस्सा लॉकर सोडताना परत द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 च्या लॉकरविषयक सूचनांत सांगितलं आहे. न भरलेल्या भाड्यालाही तोच न्याय लावा, असं म्हणता येतं. 30 सप्टेंबरला लॉकर सोडला तर अर्ध्या वर्षाचे, जीएसटी धरून, 1,180 रुपये कमी होतात. उरतात 5,900. तिसरी, ही रक्कम भरायची तयारी आहे हे स्पष्ट लिहावं. नुसती माफी मागणाऱ्यापेक्षा पैसे भरायला तयार असलेल्याचा अर्ज लवकर पुढे सरकतो.

अर्जाची दुसरी प्रत न्यावी आणि तिच्यावर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. माफीचा निर्णय रेंगाळला तरी लॉकर सोडायची इच्छा तुम्ही कोणत्या दिवशी कळवली, हे या पोचेवरूनच सिद्ध होतं. फार लांबवणंही धोक्याचं आहे, कारण सलग तीन वर्षं भाडं थकलं तर नोटीस आणि ठरलेली प्रक्रिया पार पाडून बँक लॉकर फोडू शकते.

रक्कम ठरली की ती भरायची, लॉकर स्वतः रिकामा करायचा, आतला कोपरान्‌कोपरा हाताने चाचपायचा आणि किल्ली परत करून तिची पोच घ्यायची. किल्ली हरवली असेल तर कुलूप उघडण्याचा आणि बदलण्याचा खर्च तुमच्यावर येतो, तेव्हा ते आधीच सांगावं.

बरेच जण पैशांची पावती घेऊन घरी जातात. खरी चूक इथेच होते. संगणकात लॉकर ‘बंद’ झाला नाही तर पुढच्या वर्षी भाडं पुन्हा लागतं, आणि जुन्या पावतीवर लॉकर सोडल्याचा उल्लेखही नसतो. म्हणून बँकेच्या लेटरहेडवर नो-ड्यूज पत्र मागावं. त्यात लॉकर क्रमांक, सोडल्याची तारीख, किल्ली मिळाल्याची नोंद, भाडं कोणत्या तारखेपर्यंत मिळालं आणि किती रक्कम माफ झाली हे यावं. ‘या लॉकरपोटी यापुढे काहीही येणे नाही’ हे वाक्य तर हवंच. लॉकर देताना बँकेने मुदत ठेव अडकवून ठेवली असेल तर ती मोकळी केल्याचंही त्याच पत्रात लिहून घ्यावं.

शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. शिक्का मारलेली अर्जाची प्रत तिथे जोडा.