औषधं केबिन बॅगेतच

मुंबईहून दुबईमार्गे न्यूयॉर्कला लेकीकडे निघालेल्या आजींची बॅग हरवली, तर बहुतेक वेळा ती विमान बदलताना मागे राहिलेली असते आणि एक-दोन दिवसांत येते. पण मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनसाठी तेवढं थांबता येत नाही. शिवाय विमानाच्या पोटातल्या थंडीत इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं. म्हणून परतीपर्यंतची सगळी औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केबिन बॅगेत ठेवा. सोबत चष्मा, कपड्यांचा एक जोड आणि लेकीचा पत्ता कागदावर लिहून. टॅगची पावती आणि बॅगेचा फोटोही जपा. पट्ट्यावर बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रार नोंदवताना दोन्ही लागतात.