मुलींची लस मुलाला कशाला?

हा प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीचा. तिला दोन मुलगे. थोरला तेवीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. धाकटा तेरा वर्षांचा, आठवीत. धाकट्याला एक लस टोचून घ्यावी असे मी सुचवताच ती म्हणाली, "अरे, ती तर गर्भाशयाच्या कॅन्सरची. मुलींची लस मुलाला कशाला?" प्रश्न अगदी सरळ होता, पण त्याचे उत्तर तिच्या थोरल्या मुलापासून सुरू होत होते, आणि ते तेव्हा तिला ठाऊक नव्हते. पुढे त्याने धीर करून आईला सारे सांगितले आणि नाव न घालता लिहायला मलाही परवानगी दिली, म्हणूनच ही हकीकत येथे देत आहे.

एका रविवारी भाचा अचानक दारात उभा राहिला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, तरी उठेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "मामा, आईला सांगू नका." झाले होते असे, की दोनेक महिन्यांपूर्वी त्याच्या जननेंद्रियावर तीन-चार बारीक मांसल पुळ्या उठल्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. हळूहळू त्यांचा आकार फुलकोबीच्या तुऱ्यासारखा खडबडीत झाला. डॉक्टरकडे जायची लाज वाटली, म्हणून त्याने औषधाच्या दुकानातून पायाच्या कुरपावर लावायचे औषध आणले आणि तेच तिथे लावले. ते औषध म्हणजे जाड, टणक कातडी विरघळवणारे आम्ल. तिथली नाजूक कातडी त्याने भाजून निघाली, जखम झाली, आणि चामखिळी मात्र होत्या तिथेच राहिल्या.

होय, त्या चामखिळीच होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या परिचयाच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टर वयस्क आणि शांत. त्यांनी भिंग धरून नीट पाहिले आणि आधी रक्त तपासायला पाठवले. कारण उपदंशातही तिथे ओलसर, चपटे उंचवटे येतात आणि अनुभव नसलेल्या डोळ्यांना ते चामखिळीसारखेच वाटतात. त्याचा उपचार मात्र सर्वस्वी वेगळा. उलट, पुष्कळ तरुणांच्या शिश्नमुंडाच्या कडेने मोत्यांच्या ओळीसारखे एकसारखे बारीक दाणे असतात. ते नैसर्गिक ठेवणीचे, निरुपद्रवी असतात. त्यांना औषध नको आणि घाबरणेही नको. ओळीत, एकसारखे आणि वर्षानुवर्षे तसेच असतील तर ते दाणे. विस्कळीत, खडबडीत आणि वाढत जाणारे असेल तर चामखीळ, असा साधा फरक डॉक्टरांनी सांगितला. तरी निदान घरच्या आरशात करू नये, हेही बजावले.

रक्ताची तपासणी निर्दोष आली. मग द्रवरूप नायट्रोजनने चामखिळी गोठवण्याचे काम सुरू झाले. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा, अशा चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी थोडी आग, मग फोड, मग खपली. चौथ्या खेपेनंतर कातडी स्वच्छ झाली आणि भाच्याने सुटकेचा श्वास सोडला. तीन महिन्यांनी शेजारीच दोन नव्या उठल्या!

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चामखीळ हे नुसते वर दिसणारे रोप. बी असते ते आसपासच्या कातडीत दडलेल्या विषाणूचे. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. गोठवून किंवा मलमाने रोप जाते, बी उरू शकते. पुढे बहुतेकांच्या शरीराची प्रतिकारशक्तीच त्याला आवरते, पण त्याला महिने, कधी वर्षेही लागतात. शिवाय कातडीला कातडी लागून हा विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत काळ जातो. त्यामुळे तो कोणाकडून आला हे सांगता येत नाही, आणि त्यावरून कोणाला दोषी धरण्यातही अर्थ नाही. निरोधाने धोका कमी होतो, संपत नाही. कारण तो झाकतो त्यापलीकडची कातडीही उघडी असतेच.

या विषाणूचे शंभरावर प्रकार आहेत. जननेंद्रियावरच्या शंभरांपैकी सुमारे नव्वद चामखिळी सहाव्या आणि अकराव्या प्रकारामुळे होतात. हे दोघे त्रासदायक, पण कॅन्सर करणारे नव्हेत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः सोळावा आणि अठरावा प्रकार असतो. तेच पुरुषांत शिश्न, गुदद्वार आणि घसा यांच्या कॅन्सरलाही कारण होतात. चार प्रकारांवरची लस या चौघांनाही अडवते. तिची मूळ युक्ती १९९१ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांना साधली: विषाणूचे नुसते कवच तयार करायचे, आत काही नाही. रिकाम्या कवचाने रोग होत नाही, पण शरीर त्याची ओळख पटवून ठेवते.

आणि बहिणीच्या प्रश्नाचे उत्तरही ऑस्ट्रेलियातच आहे. तेथे २००७ साली शाळाशाळांतून ही लस टोचायला सुरुवात झाली, ती केवळ मुलींना. मेलबर्नच्या एका दवाखान्यात नव्याने येणाऱ्या, एकवीस वर्षांखालील तरुणींपैकी तेव्हा शेकडा १८.६ जणींना चामखिळी असत. २०१०-११ साली हे प्रमाण १.९ वर आले. नवल पुढेच आहे. स्त्रियांशी संबंध असलेल्या त्याच वयाच्या तरुणांत ते २२.९ वरून २.९ वर उतरले, आणि त्यांना तर लस दिलेलीच नव्हती! मुलींकडे विषाणूच उरला नाही, तेव्हा मुलांना तो मिळणार कुठून?

"म्हणजे मुलींना टोचली की झाले," असे बहीण म्हणालीच. पण त्याच दवाखान्यात, ज्या पुरुषांचे संबंध पुरुषांशीच होते त्यांच्यात काहीच घट दिसली नाही. मुलींची ढाल त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून २०१३ पासून ऑस्ट्रेलियाने शाळेतल्या मुलग्यांनाही लस द्यायला सुरुवात केली. आणि ही उसनी ढाल मिळते, ती बहुसंख्य मुलींनी लस घेतलेली असेल तेथेच. आपल्याकडे आज विशी-पंचविशीत असलेल्या बहुतेक मुलींनी ती घेतलेली नाही. मग आपल्या मुलाने आडोसा घ्यायचा कोणाचा?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या चार प्रकारांवरच्या लशीला २०२२ साली आपल्या सरकारची मान्यता मिळाली, ती नऊ ते सव्वीस वर्षांच्या मुलगे आणि मुली दोघांसाठी. पंधरा वर्षांच्या आत सहा महिन्यांच्या अंतराने दोन टोचण्या पुरतात. नंतर सुरू केल्यास सहा महिन्यांत तीन लागतात. दंड एक-दोन दिवस दुखतो, क्वचित कणकण येते. टोचल्यावर काही मुलांना भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवतात.

भाच्याने डॉक्टरांना विचारले, "ही लस घेऊन माझ्या चामखिळी जातील का?" डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "नाही. घरात शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही. ज्या प्रकारांची अजून तुझ्याशी गाठ पडलेली नाही, त्यांच्यापुरते दार मात्र लावून घेईल." त्याने तिन्ही टोचण्या घेतल्या. नव्या दोन चामखिळी आणखी दोन खेपांत गेल्या, आणि गेले आठ महिने काही उठलेले नाही.

धाकट्याची पहिली टोचणी गेल्या महिन्यात झाली. त्याला दवाखान्यात कोणी नेले म्हणाल, तर थोरल्या भावानेच. परतताना धाकट्याने विचारले, "दादा, ही कशाची रे लस?" आणि दादाने, कोणीही न सांगता, त्याला सगळे समजावून सांगितले.