ताळेबंदातला नावलौकिक

ब्रिटिश बांधकाम कंपनी कॅरिलियन जानेवारी २०१८मध्ये कोसळली. तिच्या २०१६च्या ताळेबंदात गुडविल होतं सुमारे १५७ कोटी पौंड! इतर कंपन्या विकत घेताना त्यांच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली ही रक्कम.

ती अजून वसूल होण्याजोगी आहे का, हे दरवर्षी तपासावं लागतं. व्यवस्थापन भविष्यातल्या रोख आवकेचा अंदाज बांधतं आणि सवलतदर लावून तिचं आजचं मूल्य काढतं. ते पुस्तकी मूल्याहून कमी भरलं, तर फरक तोट्यात जातो.

खरी गंमत दोन आकड्यांत आहे. समजा, एका व्यवसायाचं पुस्तकी मूल्य १३० कोटी आणि पुढच्या वर्षीची आवक १० कोटी. सवलतदर १० टक्के, कायमची वाढ ३ टक्के धरली, तर १० भागिले ०.०७, म्हणजे जवळपास १४३ कोटी, गुडविल सुरक्षित. दर ११, वाढ २ केली की उरतात १११ कोटी. एकेक टक्का हलला आणि १९ कोटींचा तोटा उघडा पडला.

म्हणून लेखापरीक्षक सवलतदर स्वतः बांधून पाहतो: सरकारी रोख्यांचा परतावा, तशाच नोंदणीकृत कंपन्यांची जोखीम, कर्जाचा खर्च. कायमची वाढ अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त दिसली, तर कारण विचारतो. सर्वांत बोचरा प्रश्न मात्र साधा असतो: मागच्या तीन वर्षांचे अंदाज किती खरे ठरले?